वॉटसनला घरी पाठवू नका

"ती सुमन काढून टाकू या का? ती नक्की करते काय?"

हे वाक्य मी एका मीटिंगमध्ये ऐकलं. एका ऑडिओ ॲपसाठी मराठीत दहा भागांची रहस्यमालिका लिहायचं काम मला मिळालं होतं. माझा नायक होता वाईत राहणारा एक निवृत्त फौजदार. सोबत त्याची भाची सुमन, मेडिकलच्या दुकानात काम करणारी. समोरच्या बाईंचं म्हणणं असं की सुमन कथा पुढे नेत नाही, नुसते प्रश्न विचारते. "आजचा श्रोता हुशार आहे. त्याच्यासाठी प्रश्न विचारणारं पात्र ठेवणं म्हणजे त्याला मूर्ख समजणं." शिवाय एक आवाज कमी, एक मानधन कमी. मला पैशांची गरज होती. मी मान डोलावली आणि सुमनला घालवलं.

मालिका पडली. ती पडण्याची कारणं आणखीही असतील, माझं लेखन हेही असेल. पण ऐकणाऱ्यांची जी तक्रार पुन्हा पुन्हा आली ती एकच होती: हा फौजदार चीटिंग करतो. त्याला सगळं आधीच कळलेलं असतं आणि तो आपल्याला सांगत नाही. तक्रार शंभर टक्के खरी होती, कारण ती चीटिंग मीच लिहिली होती.

तेव्हापासून "साइडकिक हे जुनाट खेळणं आहे" असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. आणि हे म्हणणारे हल्ली पुष्कळ आहेत. नव्या वेबसिरीजमधला डिटेक्टिव्ह एकटा असतो. त्याचा घटस्फोट झालेला असतो, त्याला झोप लागत नाही, भिंतीवर फोटो आणि लाल दोरे लावून तो रात्रभर त्यांच्याकडे बघत असतो. आपण त्याच्याकडे बघत असतो. मग सातव्या भागात अचानक त्याचे डोळे मोठे होतात, तो गाडीची किल्ली उचलून पळत सुटतो, आणि आपण पुढचे वीस मिनिटं त्याच्या मागून धावतो. यात आपल्याला काय करायला मिळालं? काहीच नाही.

साइडकिकबद्दलचा गैरसमज आला कुठून, याचा एक धागा मला दिसतो. 1939 ते 1946 या काळात बेसिल रॅथबोननं शेरलॉक होम्स म्हणून चौदा सिनेमे केले. त्यात वॉटसन होता नायजेल ब्रूस: गोलमटोल, बडबड्या, सतत भांबावलेला. प्रेमळ काम होतं ते, पण त्यानं वॉटसनचं वाटोळं केलं. कॉनन डॉयलचा वॉटसन लष्करातला डॉक्टर आहे, अफगाणिस्तानात गोळी खाऊन आलेला. तो मठ्ठ नाही. आपल्याकडे 1985 साली दूरदर्शनवर 'करमचंद' आली. पंकज कपूर गाजर खायचा आणि किटीनं तोंड उघडलं की "शट अप किटी" म्हणायचा. आईबाबांच्या पिढीला विचारा, मालिकेतली एकही केस आठवत नसेल, पण हे तीन शब्द आठवतील. तेव्हापासून आपल्या डोक्यात साइडकिक म्हणजे गप्प बसवायचं माणूस.

ते बाजूला ठेवू आणि मूळ यंत्र उघडून बघू. त्यासाठी 1892 ची 'सिल्व्हर ब्लेझ' ही कथा घेतो. ज्यांनी वाचली नसेल त्यांनी इथं थांबून वाचून यावं, तासाभराचं काम आहे. कारण मी पुढे सगळं फोडणार आहे.

डार्टमूरच्या माळावरच्या एका तबेल्यातून शर्यतीचा घोडा गायब होतो. त्याचा ट्रेनर स्ट्रेकर माळावर मेलेला सापडतो. डोकं फुटलंय, मांडीवर एक लांब स्वच्छ कापल्याची जखम आहे, उजव्या हातात छोटी रक्ताळलेली सुरी आणि डाव्या हातात सिम्प्सन नावाच्या माणसाचा रेशमी गळपट्टा. हा सिम्प्सन शर्यतीवर पैसे लावणाऱ्यांतला. आदल्या संध्याकाळी तो तबेल्याजवळ घुटमळताना, पोऱ्याला लाच देऊ करताना दिसला होता. रात्री पहाऱ्यावर असलेल्या त्या पोऱ्याच्या जेवणात कुणीतरी अफू घातली होती. जेवण होतं मसालेदार मटण करी. पोलिसांनी सिम्प्सनला अटक केली आहे.

आता वॉटसन काय काय करतो ते बघा. जाताना रेल्वेच्या डब्यात होम्स त्याला संपूर्ण प्रकरण पहिल्यापासून सांगतो. दुसऱ्याला सांगितलं की आपल्यालाच प्रकरण स्वच्छ दिसतं, असं त्याचं म्हणणं. लेखक म्हणून मला यातली सोय लगेच दिसते: पोलिसांचा अहवाल, वर्तमानपत्रं, साक्षी हे सगळं वाचकाला द्यायचंय, आणि ते एका मित्रानं दुसऱ्याला प्रवासात सांगितलेल्या गोष्टीसारखं सहज येतं. पण ही सोय दुय्यम आहे. महत्त्वाचं पुढे घडतं.

ऐकून झाल्यावर वॉटसन एक शंका काढतो. मेंदूला मार बसल्यावर माणसाला झटके येतात. मग स्ट्रेकरच्या मांडीवरची जखम त्याच्या स्वतःच्याच सुरीनं झाली नसेल कशावरून? होम्स म्हणतो, तशी शक्यता बरीच आहे, आणि तसं असेल तर सिम्प्सनच्या बाजूचा एक मुद्दा गळतो. कथा संपल्यावर कळतं की वॉटसन जवळजवळ बरोबर होता. जखम स्ट्रेकरच्याच सुरीची होती, तो पडताना झालेली. फक्त वॉटसननं विचारायचा पुढचा प्रश्न विचारला नाही: रात्री माळावर जाणाऱ्या माणसानं असली नाजूक सुरी हातात का घेतली होती? आणि गंमत बघा, ती सुरी पुढे समोर येते तेव्हा ती मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची आहे हे ओळखतो कोण? वॉटसनच. तो डॉक्टर आहे. म्हणजे कोड्याचे दोन मोठे तुकडे त्याच्या हातात आहेत आणि तो ते एकमेकांना जोडत नाही.

हीच ती जागा जिथं वाचक बसतो. तुम्ही वाचताना वॉटसनच्या एक पाऊल पुढे जाऊ शकता. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा गेलो नव्हतो, पण जाऊ शकलो असतो.

आणखी दोन प्रसंग. होम्स मृतदेह पडला होता त्या चिखलात पालथा पडून एक अर्धी जळलेली काडी शोधून काढतो. पोलीस इन्स्पेक्टर ग्रेगरी चडफडतो, मला कशी दिसली नाही! होम्स म्हणतो, मला दिसली कारण मी ती शोधत होतो. वॉटसन हे नोंदवतो. काडी सापडली हे आपल्याला कळतं. ती शोधायचं कारण कळत नाही. मग निघता निघता होम्स एका पोऱ्याला विचारतो, इथल्या मेंढ्यांना अलीकडे काही झालंय का. पोऱ्या सांगतो, तीन लंगडायला लागल्यात. होम्स खूश होऊन वॉटसनला चिमटा काढतो. पुन्हा तेच: काय विचारलं आणि काय उत्तर आलं हे उघड, का विचारलं हे झाकलेलं. त्यानंतर तो जगप्रसिद्ध कुत्र्याचा संवाद येतो, की रात्री कुत्रा भुंकला नाही हेच विचित्र आहे. बहुतेकांना वाटतं तो संवाद होम्स आणि वॉटसनचा आहे. नाही. तो इन्स्पेक्टर ग्रेगरीशी आहे. वॉटसन शेजारी उभा राहून फक्त ऐकतो आणि आपल्याला सांगतो.

यात नियम असा दिसतो: डिटेक्टिव्हला जे दिसतं ते सगळं वाचकाला दिसलं पाहिजे, आणि डिटेक्टिव्ह जो विचार करतो तो शेवटपर्यंत दिसता कामा नये. या दोन गोष्टी एकाच डोक्यात ठेवून कथा सांगता येत नाही. डोळे आणि मेंदू वेगळे काढावे लागतात. वॉटसन म्हणजे होम्सचे बाहेर काढून ठेवलेले डोळे. तो खोलीत हजर असतो, म्हणून आपण हजर असतो. तो विचारात मागे असतो, म्हणून आपल्याला विचार करायला जागा उरते. काही लपवायचं असलं तरी त्याला खोटं बोलावं लागत नाही, कारण त्याला खरोखरच माहीत नसतं.

मटण करीचं उदाहरण तर आपल्या वाचकांसाठीच लिहिल्यासारखं आहे. अफूला चव असते. साध्या जेवणात ती लगेच कळली असती, मसाल्यात ती बुडाली. पण त्या रात्री नेमकी करीच शिजेल हे सिम्प्सनसारख्या बाहेरच्या माणसाला कसं ठरवता येईल? ते ठरवू शकत होते फक्त स्ट्रेकर आणि त्याची बायको. मग कुत्रा का भुंकला नाही, हेही कळतं: घोडा बाहेर काढणारा घरचाच होता. स्ट्रेकरला घोड्याची शीर हलकेच कापून त्याला लंगडं करायचं होतं, म्हणून ती सुरी, म्हणून आधी मेंढ्यांवर सराव, म्हणून उजेडासाठी काडी. घोड्यानं लाथ घातली आणि खेळ संपला. हे सगळे तुकडे आपल्याला वेळेवर मिळालेले असतात. करी तर रेल्वेतच मिळते. शेवटी जो धक्का बसतो तो माहितीचा नसतो. आपण करीबद्दल वाचलं होतं आणि करीसारखं चविष्ट काहीतरी म्हणून पुढे गेलो होतो, याचा तो धक्का असतो. मी म्हणतो की साइडकिक प्रेक्षकाला शिकवतो, ते या अर्थानं. बघणं आणि त्यावरून काही ठरवणं यांच्यामध्ये किती मोठं अंतर असतं, आणि आपण ते नेमकं कुठं पार करायला चुकलो, हे तो आपल्या स्वतःच्याच चुकीवर बोट ठेवून दाखवतो.

"पण हे डिटेक्टिव्हनं स्वतःच सांगितलं तर?" असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणून सुमनला घालवलं होतं. पण हा प्रयोग खुद्द डॉयलनं करून बघितलाय. होम्सच्या साठ कथा-कादंबऱ्यांपैकी दोन होम्स स्वतः सांगतो, आणि दोन्ही 1926 सालच्या. त्यातली 'द ब्लँच्ड सोल्जर' बघा.

बोअर युद्धातून परतलेला डॉड नावाचा तरुण होम्सकडे येतो. त्याचा जिवलग सैनिक मित्र गायब आहे. वडील म्हणतात जगप्रवासाला गेलाय, पण डॉडनं त्याला रात्री घराच्या खिडकीशी पाहिलंय, चेहरा पांढराफटक. होम्स चौकशी करतो. त्या घरातला नोकर कातडी हातमोजे घालतो आणि त्यांना डांबरासारखा वास येतो, हे तो आपल्याला सांगतो. आणि सांगितल्या सांगितल्या हळहळतो की स्वतः सांगायला बसलो म्हणून पत्ते असे उघडे टाकावे लागतायत, वॉटसन असता तर हा दुवा झाकून शेवट रंगवता आला असता. डॉयल इथं जवळजवळ आपली वर्कशॉपमधली अडचणच होम्सच्या तोंडी घालतो.

पण पुढे तो पत्ते उघडे टाकतच नाही. त्या घरी जाताना होम्स वाटेत एका गंभीर, अबोल गृहस्थाला गाडीत घेतो. तो कोण हे सांगत नाही. मग मुलाचा बाप चिडून त्यांना घालवायला बघतो तेव्हा होम्स दार अडवून वहीतल्या कागदावर एक शब्द लिहून त्याच्या हातात देतो. बाप हादरून खुर्चीत बसतो. शब्द कोणता? आपल्याला सांगितला जात नाही. नंतर कळतं: महारोग. आणि तो अबोल गृहस्थ त्वचारोगांचा मोठा तज्ज्ञ असतो, जो शेवटी निदान देतो की हा महारोग नव्हेच, तसा दिसणारा एक साधा त्वचाविकार आहे.

आता हे नीट बघा. कथा सांगणारा "मी" स्वतःच्या हातानं शब्द लिहितो आणि तो शब्द वाचकापासून लपवतो. ज्याला गाडीत घेतलं त्याचं नाव आणि धंदा त्याला माहीत आहे, तो "एक गृहस्थ" म्हणतो. हे कोडं घालणं नव्हे. आईनं खाऊ पाठीमागे लपवून "ओळख कुठल्या हातात" म्हणावं आणि खाऊ टेबलावर असावा, तसलं आहे. याच प्रसंगात वॉटसन दाराशी उभा असता तर? होम्सनं काहीतरी लिहिलं, बापाचा चेहरा पडला, मला कागद दिसला नाही. शब्द न शब्द तोच, पण लबाडी गायब.

माझ्या फौजदारानं दहा भागांत हेच केलं. ऑडिओत तर आणखी वाईट, कारण एकटा माणूस गप्प राहिला की काहीच ऐकू येत नाही. म्हणून मी त्याला स्वतःशी बोलायला लावलं. स्वतःशी बोलणारा माणूस एकतर सगळं बोलतो किंवा खोटं बोलतो. मी दुसरा पर्याय घेतला. "हं... म्हणजे असं आहे तर!" अशी वाक्यं मी किती लिहिली ते मोजायची माझी हिंमत नाही.

त्याच 1926 साली इंग्लंडमध्ये आणखी एक कादंबरी आली, तिचं नाव घेण्याआधी पुन्हा इशारा: पुढच्या दोन परिच्छेदांत तिचा शेवट आहे. अगाथा ख्रिस्तीची 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड'. तिच्या पॉयरोलाही एक वॉटसन होता, कॅप्टन हेस्टिंग्ज. त्याला तिनं लग्न लावून अर्जेंटिनाला पाठवून दिलं होतं. म्हणजे तीही कंटाळली होती, हे मान्य करतो. पण तिनं खुर्ची काढून टाकली नाही. त्या खुर्चीत गावातला डॉक्टर शेपर्ड आणून बसवला. शेपर्ड पॉयरोबरोबर हिंडतो, साक्षी ऐकतो, सगळं लिहून ठेवतो. आणि खून त्यानंच केलेला असतो.

तो खोटं लिहीत नाही. पत्र आलं तेव्हा नऊला वीस मिनिटं कमी होती, मी निघालो तेव्हा दहा, असं तो सांगतो. मधल्या दहा मिनिटांबद्दल बोलत नाही. पुस्तक संपवून तुम्ही मागे जाऊन ती ओळ बघता आणि अंगावर काटा येतो. हा काटा का येतो? तर या खुर्चीत बसलेल्या माणसावर आपला विश्वास असतो म्हणून. वॉटसन, हेस्टिंग्ज यांनी वर्षानुवर्षं जे दिसलं ते सगळं प्रामाणिकपणे सांगितलं, त्या पुण्याईवर शेपर्ड आपल्याला फसवतो. एकट्या डिटेक्टिव्हच्या कथेत ही युक्ती सुचलीच नसती. काही वर्षांनी, 1929 मध्ये, रोनाल्ड नॉक्स या रहस्यकथा लिहिणाऱ्या पाद्र्यानं या प्रकारासाठी दहा नियम लिहिले. त्यातला नववा साइडकिकचा आहे: त्यानं आपल्या मनात येणारा कुठलाही विचार वाचकापासून लपवू नये, आणि त्याची बुद्धी सर्वसाधारण वाचकापेक्षा किंचित, अगदी किंचितच कमी असावी. नॉक्सचे बाकीचे नियम आज हसून सोडून द्यावेत असे आहेत. हा मात्र भिंतीवर लावावा. सगळी मेहनत त्या 'अगदी किंचित'मध्ये आहे. फार कमी झाली की किटी होते. बरोबरीची झाली की वाचकाला जिंकायला कुणी उरत नाही.

कॅमेरा आल्यावर हे बदलतं का? बदलतं, आणि इथं माझ्या विरोधकांची बाजू सगळ्यात भक्कम आहे. पडद्यावर प्रसंग आपण स्वतः बघतो, मग मधला माणूस कशाला? याचं उत्तर मला सत्यजित राय यांच्याकडे सापडलं. फेलूदाच्या कथा त्यांनी 1965 पासून 'संदेश' या मुलांच्या मासिकात लिहिल्या. (मराठीत अशोक जैन यांनी केलेले अनुवाद आहेत, जरूर वाचा.) कथा सांगतो फेलूदाचा चुलतभाऊ तोपशे, शाळकरी पोरगा. पुढे 'सोनार केल्ला'पासून जटायू येतो, खपाऊ थरारकादंबऱ्या लिहिणारा. त्याच्या पुस्तकांत उंटाबद्दलसुद्धा चुका असतात आणि फेलूदा त्या दुरुस्त करतो. म्हणजे दोन साइडकिक, दोन वेगळी कामं: तोपशे बघतो, जटायू चुकतो.

पुस्तकात डॉक्टर हाजरा म्हणून वावरणारा माणूस तोतया आहे, हे तोपशेला कळत नाही, म्हणून आपल्यालाही उशिरा कळतं. 1974 साली राय यांनी त्याच कथेवर सिनेमा काढला तेव्हा ही गोष्ट त्यांनी सुरुवातीलाच उघड करून टाकली. खऱ्या डॉक्टरला कड्यावरून ढकलताना आपण बघतो. गुन्हेगार कोण हे आपल्याला फेलूदाच्या आधी माहीत असतं. पुस्तकाचा लेखक आणि सिनेमाचा दिग्दर्शक एकच माणूस आहे, म्हणून हा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो. तोपशे सिनेमात आहे, पण कथा त्याच्या डोळ्यांतून येत नाही. कॅमेरा सगळीकडे जाऊ शकतो. जो सगळीकडे जाऊ शकतो त्यानं गुन्हेगाराचा चेहरा तेवढा टाळायचा, हे राय यांना पटलं नसावं असा माझा अंदाज. त्यांनी कोडं सोडून दिलं आणि पाठलाग घेतला.

'कोलंबो' या अमेरिकन मालिकेनं हेच तत्त्व कायमचं स्वीकारलं. 1971 पासून मालिका म्हणून चाललेल्या त्या कार्यक्रमात बहुतेक भागांत खून कुणी आणि कसा केला हे आपण सुरुवातीलाच बघतो. मग मळका रेनकोट घातलेला कोलंबो येतो. त्याला कायमचा साइडकिक नाही, आणि लागतही नाही, कारण आपल्याला त्याच्यापेक्षा जास्त माहीत असतं. तरीही गंमत अशी की तो बोलतो कुणाशी? खुन्याशी. आपल्या शंका, अडचणी, "आणखी एकच छोटी गोष्ट" हे सगळं तो खुन्यापुढे मांडतो आणि खुनी त्याला चुकीच्या थिअऱ्या पुरवतो. साइडकिकचं काम आरोपीकडे दिलंय. शिवाय कधीच न दिसणारी बायको आहेच, जिच्या नावानं तो अर्धे प्रश्न विचारतो.

तेव्हा माझी मागणी एवढीच आहे: साइडकिक काढायचा तर राय किंवा कोलंबोसारखा काढा. गुन्हेगार आम्हाला आधी दाखवा आणि मग डिटेक्टिव्हला एकटं सोडा. पण गुन्हेगारही लपवायचा, डिटेक्टिव्हचा विचारही लपवायचा, आणि त्याच्या शेजारी बघणारंही कुणी ठेवायचं नाही, असं करून मग "आम्ही प्रेक्षकाला हुशार समजतो" म्हणू नका. त्या भिंतीवरच्या लाल दोऱ्यांतून प्रेक्षकाला एकही गोष्ट पडताळून बघता येत नाही. हुशार माणसाला खेळायला पत्ते लागतात.

मला मालिका दुसऱ्यांदा लिहायची संधी मिळाली, दुसऱ्या ठिकाणी, कमी पैशांत. कथा तीच. एक म्हातारे गृहस्थ रात्री झोपेत जातात. उशाशी गोळ्यांच्या पाकिटाचा कापलेला तुकडा, चार गोळ्यांचा, त्यातल्या दोन संपलेल्या. घरचे सांगतात, बाबांनी स्वतःच संध्याकाळी मेडिकलमधून चार सुट्या आणल्या. पहिल्या वेळी फौजदार तो तुकडा हातात घेऊन "हं... असं आहे तर!" म्हणाला होता.

दुसऱ्या वेळी सुमन त्याच्या शेजारी होती. फौजदार तुकडा उलटसुलट करून तिच्या हातात देतो. ती मेडिकलमधलीच, तिनं सवयीनं तारीख वाचली. "एक्स्पायरी पुढच्या वर्षाची आहे मामा. गोळी चांगली होती. औषधात काही खोट नाही." फौजदार काहीच बोलत नाही. सीन संपतो.

ती चूक बोललीय का? नाही. तारीख खरी आहे, निष्कर्षही तिथपर्यंत बरोबर आहे. पण ऐकणाऱ्याला एक गोष्ट मिळाली: या तुकड्यावर तारीख होती. बॅच नंबर आणि एक्स्पायरी बहुतेक पाकिटांवर एका टोकाला छापलेली असते. सुट्या गोळ्या देताना दुकानदार दुसऱ्या टोकाकडून कापतो, कारण उरलेलं पाकीट विकायला ती छापील बाजू त्याला दुकानात हवी असते. दुकानातून आलेल्या चार सुट्या गोळ्यांवर सहसा तारीख नसते. असलीच तर त्या पाकिटाच्या शेवटच्या असतात, आणि मग दुकानात त्या दिवशी ते पाकीट संपल्याची खूण मिळायला हवी. नाहीतर तुकडा घरातल्याच अख्ख्या पाकिटाचा आहे, आणि कापणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं.

सहाव्या भागात सुमन दुकानात आहे. गिऱ्हाईक चार गोळ्या मागतं. पाकिटाचा चरचर आवाज, कात्रीचा एक कट, आणि मग ती थांबते. गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, झालं का?" आम्ही ती शांतता चार सेकंद ठेवली. रेकॉर्डिंगवाल्या मुलाला ती फार लांब वाटत होती, त्यावर आमचं थोडं वाजलं.

मालिका संपल्यावर एका मेडिकलवाल्याचा मेसेज आला. त्याला दुसऱ्याच भागात कळलं होतं, आणि पुढचे चार भाग तो सुमनला ओरडून सांगत होता म्हणे, अगं तारीख बघ, तारीख! शेवटी त्यानं एक दुरुस्तीही कळवली: गर्दीच्या वेळी आम्ही कात्री घेतच नाही, हातानंच दुमडून फाडतो. पुढच्या सीझनला लक्षात ठेवा.